माती आणि पाणी : भाग ५
जिप्सम टाकण्याआधी

नीरा डाव्या कालव्याला १८८५ साली पाणी आलं आणि बारामतीचं कोरडवाहू काळं रान बागायती झालं. कृषी पदवीच्या क्षेत्र-अहवालासाठी मी निवडलेली उसाची अडीच एकर याच पट्ट्यातली. वरच्या बांधाला ऊस डोक्याएवढा, तर ओढ्याकडच्या सखल कोपऱ्यात गुडघ्याएवढा. पानांची टोकं करपलेली आणि सरीच्या वरंब्यावर पांढरा थर. "दोन वर्षं जिप्सम टाकतोय, पण खालचा ऊस काही उठत नाही," शेतमालक दादा म्हणाले.

त्या कोपऱ्यात मातीत भोक घेतलं, तर तीन फुटांवर पाणी लागलं. वरच्या बांधाजवळ सहा फुटांपर्यंत लागलं नाही. कालव्याचं पाणी गोडच आहे. पण पाटाचं पाणी मुरून खालची पातळी वर आली की काळ्या मातीच्या बारीक छिद्रांतून ते वर चढतं. उन्हाने पाणी उडून जातं, मातीतले विरघळलेले क्षार मात्र वर साठतात.

प्रयोगशाळेच्या अहवालात सामू ८.१ आला, विनिमययोग्य सोडियम ९ टक्के आणि संपृक्त अर्काची क्षारता ७ डेसीसायमन प्रति मीटर. क्षारता ४ च्या वर गेली की जमीन खारवट धरतात. उसाला तर त्याच्या निम्म्यातच त्रास सुरू होतो. चोपण जमिनीत सोडियम १५ टक्क्यांच्या वर आणि सामू बहुधा ८.५ च्या वर असतो. म्हणजे हे रान खारवट आहे, चोपण नाही. जिप्सम सोडियमला हटवून त्या जागी कॅल्शियम बसवतं, हे त्याचं खरं काम. इथे ते काम नव्हतंच. याचा अंदाज घरीही घेता येतो. बाटलीत मूठभर माती आणि पावसाचं पाणी घालून हलवा. खारवट मातीवरचं पाणी लवकर निवळतं, चोपण मातीचं दिवसभर गढूळ राहतं. तरी पैसे खर्चण्याआधी माती तपासून घ्यावीच.

उपाय निचऱ्याचा. सुमारे चार फूट खोल, ओढ्याकडे उतार देऊन सच्छिद्र पाईप गाडायचे. भारी काळ्या मातीत दोन ओळींत साधारण २० ते ३० मीटर अंतर चालतं. मग वाफे बांधून गोडं पाणी साठवायचं, म्हणजे क्षार विरघळून पाइपातून बाहेर पडतात. निचऱ्याआधी असं पाणी दिलं तर पातळी आणखी वर येईल. क्षार धुऊन गेल्यावर सोडियमचा वाटा वाढून माती चोपण होण्याचा धोका असतो, म्हणून तेव्हा पुन्हा तपासणी करायची आणि गरज दिसली तरच जिप्सम द्यायचं. पुढच्या लागणीपासून ठिबक बसवायला दादा तयार आहेत. खाली मुरणारं पाणी त्याने कमी होईल.

अडचण ओढ्याची आहे. गाळाने तो इतका भरलाय की पाइपाचं तोंड पाण्यात बुडेल आणि रानातलं पाणी बाहेर पडणारच नाही. ओढा खालच्या तीन शेजाऱ्यांच्या रानातून जातो. म्हणून अहवालात पहिली शिफारस ओढ्याचा गाळ काढण्याची ठेवली आहे, पाइपांची त्यानंतर.