शोकसभेत सर्वांसाठी एक प्रार्थना

शोकसभेत घरातल्याच कुणाला चार ओळी वाचायला सांगतात, तेव्हा समोर हिंदू, ख्रिस्ती, मुसलमान, बौद्ध आणि नास्तिकही बसलेले असू शकतात. सवयीने ओठांवर येते ते ‘आत्म्यास शांती लाभो’. पण बौद्ध विचार नित्य आत्मा मानत नाही. १९५६ साली नागपुरात डॉ. आंबेडकरांनी दिलेल्या २२ प्रतिज्ञांत श्राद्ध-पिंडदान न करण्याचीही प्रतिज्ञा आहे. स्वर्ग, पुनर्जन्म यांवरही एकमत नसते.

म्हणून प्रार्थनेत मृत्यूनंतरचे काही न सांगता, सर्वांनी पाहिलेल्या आयुष्याविषयी बोलावे. एखाद्या निवृत्त शिक्षिकेसाठी ती अशी लिहिता येईल:

‘बाईंनी आम्हाला वाचायला शिकवले, उपाशी मुलांना आपला डबा दिला. त्या मायेबद्दल आम्ही कृतज्ञ आहोत. त्यांच्या घरच्यांना हे दुःख पेलण्याचे बळ मिळो. आम्ही त्यांच्या सोबत आहोत. आता प्रत्येकाने आपापल्या श्रद्धेप्रमाणे प्रार्थना करावी किंवा शांतपणे बाईंना आठवावे.’

यानंतर घड्याळ पाहून पूर्ण मिनिटभर थांबावे, कारण उभ्या माणसाला मिनिट लवकरच संपल्यासारखे वाटू शकते.

मजकूर मोठ्या अक्षरांत, प्रत्येक वाक्य नव्या ओळीवर लिहावा. कंठ दाटून आला, तर शेजारी उभे असलेल्याला तिथूनच पुढे वाचता येते.