अर्ध्या अंशाचा फरक

कोंबडीच्या अंड्यातून पिल्लू बाहेर पडायला २१ दिवस लागतात. हा हिशेब एका ठरावीक तापमानाचा आहे. पंखा असलेल्या उबवणी यंत्रात हवा ३७.५ ते ३७.८ अंश सेल्सियसवर राहिली, तरच तो जुळतो. बिनपंख्याच्या पेटीत गरम हवा वर चढते आणि अंड्याचा वरचा भाग खालच्यापेक्षा जास्त तापतो. म्हणून तिथे थर्मामीटर अंड्यांच्या माथ्याच्या पातळीवर ठेवतात आणि तो ३८.३ ते ३८.९ दाखवेल अशी उष्णता ठेवतात. यंत्र बदलल्यावर जुनाच आकडा कायम ठेवला, तर तिथूनच गडबड सुरू होते.

तापमानाची खरी गरज अंड्यातल्या गर्भाला असते, हवेचा आकडा ही फक्त त्याची अटकळ. पहिल्या आठवड्यात गर्भ इतका लहान असतो की त्याची स्वतःची उष्णता जवळजवळ नसतेच. तेव्हा अंडे हवेतून ऊब घेते. नवव्या-दहाव्या दिवसानंतर चित्र उलटते. वाढणारा गर्भ स्वतः उष्णता तयार करू लागतो आणि अठराव्या दिवसापर्यंत अंडे भोवतालच्या हवेपेक्षा एखाद्या अंशाने, कधी त्याहूनही जास्त, गरम झालेले असते. आता ती उष्णता बाहेर नेण्याचे काम हवेला करावे लागते. त्यामुळे अंड्यांनी भरलेल्या यंत्रात शेवटच्या तीन दिवसांसाठी तापमान थोडे उतरवून ३७.२ च्या आसपास आणतात. पंखा नीट चालतो की नाही, हेही या आठवड्यात जास्त महत्त्वाचे. दाटीने लावलेल्या अंड्यांमधून हवा खेळली नाही, तर थर्मामीटर योग्य आकडा दाखवत असतानाही मधली अंडी तापत राहतात.

फरक किती, यापेक्षा तो किती वेळ टिकला आणि कोणत्या दिशेचा होता, यावर परिणाम ठरतो. कोंबडी दाणापाण्यासाठी रोज थोडा वेळ घरट्यावरून उठते, तेवढ्यात अंडी थंडावतात आणि काही बिघडत नाही. गर्भ थंडी बऱ्यापैकी सोसतो, कारण थंडीत त्याची वाढ फक्त मंदावते. उष्णता मात्र त्याला सोसत नाही. तीन-चार तास यंत्र ३५ अंशांवर राहिले, तर पिल्ले थोडी उशिरा येतील इतकेच. पण तेच यंत्र पाव तास ४०.५ अंशांवर गेले, तर गर्भांना गंभीर इजा होऊ शकते. शंका आली तर चूक थंड बाजूला झालेली परवडते, ती याचमुळे.

सर्वांत फसवी चूक असते ती लहान आणि सतत राहणारी. समजा, एका घरगुती यंत्रात ५० अंडी लावली आहेत. थर्मामीटर २१ दिवस ३७.६ दाखवतो, पण तो ०.७ अंशाने कमी दाखवणारा आहे. म्हणजे आतली हवा प्रत्यक्षात ३८.३ अंशांवर आहे. सातव्या दिवशी अंधारात अंड्याखाली बॅटरी धरून पाहिले, तर काही अंड्यांत शिरांच्या जाळ्याऐवजी लाल कडे दिसते. तो मेलेल्या गर्भाच्या रक्ताचा वेढा असतो. अशी एक-दोन अंडी चांगल्या उबवणीतही निघतात, कारण सुरुवातीचे तीन-चार दिवस आणि अखेरचे दोन-तीन दिवस हे गर्भ मरण्याचे नेहमीचेच काळ आहेत. इथे मात्र ती जरा जास्त निघतात. मग एकोणिसाव्या दिवशी संध्याकाळीच कवचांना भेगा दिसू लागतात आणि मालक खूश होतो. खरे तर ही धोक्याची खूण आहे.

याचे कारण पिल्लाच्या पोटात आहे. बाहेर येण्याच्या आधी उरलेल्या बलकाची पिशवी पोटात ओढली जाते आणि मग बेंबी मिटते. पहिल्या दोन-तीन दिवसांची शिदोरी हीच. जास्त उष्णतेत वाढ घाईने होते, पण बलक आत घेण्याचे काम तितक्या वेगाने उरकत नाही. पिल्लू बाहेर येते तेव्हा बेंबी उघडी असते किंवा तिथे वाळलेला काळा ठिपका राहतो. तिथून जंतू शिरतात आणि पहिल्याच आठवड्यात पिल्ले मरू लागतात. दोष पिल्लांच्या खाद्याला किंवा पाण्याला दिला जातो, चूक मात्र यंत्रातली असते. अशी पिल्ले आकाराने लहान असतात आणि कवच फोडताना रेटा द्यावा लागल्याने पायाच्या घोट्याचा सांधा लालसर दिसतो. उबवणीच्या पहिल्या काही दिवसांत तापमान फार चढले असेल, तर वाकडी चोच, एक डोळा नसणे किंवा मेंदू उघडा राहणे असे दोषही दिसतात, कारण ते अवयव त्याच दिवसांत घडत असतात.

थर्मामीटर उलट बाजूने चुकला, तर चित्रही उलटते. तापमान साधारण अर्ध्या अंशाने कमी राहिले तर पिल्ले सुमारे एक दिवस उशिरा येतात. एकविसावा दिवस सरला तरी बरीच अंडी शांत असतात. बाहेर आलेली पिल्ले मोठ्या पोटाची, मऊ आणि सुस्त असतात, पायावर नीट उभी राहत नाहीत. तेविसाव्या दिवशी न फुटलेली अंडी उघडली, तर पूर्ण वाढलेली पण कवच न टोचलेली पिल्ले सापडतात. पिल्ले विखुरल्यासारखी दोन दिवस येत राहिली, तर मात्र तापमान एकूण कमी-जास्त असण्यापेक्षा यंत्राच्या एका कोपऱ्यात गरम आणि दुसऱ्यात थंड असल्याचा संशय घ्यावा. अंडी वेगवेगळे दिवस साठवलेली असली, तरी असे होते. साठवणीचा प्रत्येक जादा दिवस उबवणीत साधारण एक तास वाढवतो.

थर्मामीटरचा खरेपणा तपासायला मोठे साधन लागत नाही. एका भांड्यात सुमारे ३८ अंशांचे कोमट पाणी घ्यावे. त्यात ताप मोजायचा डिजिटल थर्मामीटर आणि यंत्रातल्या थर्मामीटरचे टोक एकमेकांना चिकटवून धरावे आणि पाणी ढवळत राहावे. दोन मिनिटांनी दोन्ही आकडे वाचावेत. फरक ०.७ निघाला, तर यंत्राच्या आकड्यात तेवढीच भर घालून वाचायचे. हे अंडी लावण्याआधी करायचे असते, मध्येच नव्हे. पिल्ले फुटायला लागल्यावर खुंटी फिरवण्यात काही अर्थ उरत नाही, कारण तोवर २० दिवसांचे नुकसान होऊन गेलेले असते.

विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात एक वेगळीच अडचण येते. लहान यंत्रात तापवायची सोय असते, थंड करायची नसते. खोलीच ४० अंशांच्या वर गेली, तर हीटर बंद राहूनही अंडी तापतात. तेव्हा यंत्र घरातल्या सर्वांत थंड खोलीत, उन्हाच्या भिंतीपासून दूर हवे. लावायची अंडीही थंड जागी, १५ ते १८ अंशांत ठेवलेली असावीत. खोलीत तिशीच्या घरात पडून राहिलेल्या अंड्यात गर्भाची वाढ उबवणीआधीच अर्धवट सुरू होते आणि तो लवकर मरतो.

वीज गेली तर काय करायचे, हे दिवसावर ठरते. पहिल्या आठवड्यात अंडी स्वतः ऊब देत नाहीत. तेव्हा यंत्र बंदच ठेवून वरून गोधडी घालावी, पण हवेची भोके मोकळी ठेवावीत. शेवटच्या आठवड्यात अंड्यांनी भरलेल्या मोठ्या यंत्रात नेमके उलटे करायचे. पंखा थांबला की अंड्यांची उष्णता आत कोंडते, म्हणून दार किलकिले करून थर्मामीटरवर लक्ष ठेवायचे आणि अंडी गार पडू लागली की ते पुन्हा लावायचे.