रोजकीर्दीपासून कोडपर्यंत: मुलाखतीत सांगायचं काय?

‘सहा वर्षं पतसंस्थेत काढलीत. मग आता सॉफ्टवेअर का?’ क्षेत्र बदलणाऱ्याला मुलाखतीत हा प्रश्न येतोच, आणि बरेच जण इथेच घसरतात. ‘मला आधीपासून कॉम्प्युटरची आवड होती’, ‘आयटीत स्कोप आहे’, ‘तिथे पगार वाढत नव्हता’ ही उत्तरं खोटी असतात असं नाही, पण समोरच्याला ती तपासून पाहता येत नाहीत. त्याच्या मनात दोन शंका असतात. हे काम रोज कसं असतं हे या माणसाला ठाऊक आहे का? आणि सहा महिन्यांत कंटाळून हा परत तर जाणार नाही ना? जुन्या नोकरीतली एखादी अडचण तुम्ही कोड लिहून कशी सोडवलीत, हे तपशिलात सांगितलंत की दोन्ही शंका कमी होतात.

नमुन्यादाखल एक उमेदवार डोळ्यांसमोर आणू. बी.कॉम. झालेली, सांगलीकडच्या एका पतसंस्थेत क्लार्क. नोकरी सांभाळून ती पायथन शिकली. तिच्या शाखेत पिग्मी एजंट दिवसभर दुकानादुकानांतून पैसे गोळा करतात, हातातल्या मशीनवर पावती देतात आणि संध्याकाळी मशीनमधली नोंद शाखेच्या कॉम्प्युटरवर उतरवतात. ती नोंद आणि खात्यांवर जमा झालेली रक्कम टॅली व्हायला हवी. अनेकदा होत नाही. मग पावत्या आणि प्रिंटआउट समोर घेऊन एकेक ओळ ताडून पाहायची. फरक सापडेपर्यंत कुणी घरी जात नाही.

तिचं पहिलं उत्तर असं होतं: ‘मी पायथन, एसक्यूएल आणि वेब डेव्हलपमेंटचे कोर्स केले आहेत. आता मला आयटीत करिअर करायचं आहे.’ यात सहा वर्षांच्या नोकरीचा मागमूस नाही. जणू तो काळ लपवण्यासारखाच होता. मुलाखत घेणाऱ्याच्या हाती उरते ती कोर्सची यादी, आणि ती तर कॉलेजमधून नुकत्याच बाहेर पडलेल्या मुलाकडेही असते.

बदललेलं उत्तर दोन मिनिटांत बसतं. प्रत्यक्ष मुलाखत बहुधा इंग्रजीत होईल, पण आधी ते मराठीत घोळवून घ्यावं; ओघ बसला की भाषा बदलणं सोपं जातं. ‘आमच्या शाखेत पिग्मीचा फरक शोधायला रोज संध्याकाळ जायची. फरक साधारण तीनच प्रकारचे असतात, हे माझ्या लक्षात आलं: एकच फाइल दोनदा चढते, रक्कम चुकीच्या खात्यावर पडते, किंवा आजची पावती उद्याच्या तारखेला जमा होते. मी पायथनमध्ये एक प्रोग्राम लिहिला. तो मशीनची फाइल आणि खात्याची नोंद शेजारी ठेवतो आणि न जुळलेल्या ओळी प्रकारानुसार वेगळ्या काढतो. तो करताना मला कळलं, की फरक शोधण्यापेक्षा तो शोधणारं साधन बनवण्यात मी जास्त रमते.’

शेवटच्या वाक्यात ‘सॉफ्टवेअर का’ याचं उत्तर आलं, आणि ते कामातून आलं. आवड आहे असा नुसता दावा तिने केला नाही, आवडीचा पुरावा दिला.

पण खरी परीक्षा यानंतर सुरू होते. अनुभवी मुलाखतकार गोष्ट ऐकून मान डोलावत नाही, तो तीत खणतो. ‘दोन ओळी एकाच व्यवहाराच्या आहेत हे प्रोग्रामला कसं कळायचं?’ ती सांगते, ‘आधी मी फक्त पावती नंबर धरला होता. पण मशीन रीसेट केलं की नंबर पुन्हा एकपासून सुरू होतात. वेगवेगळ्या दिवसांच्या दोन पावत्या एकच समजल्या जाऊ लागल्या.’ मग तिने एजंट, तारीख आणि पावती अशी तिन्हींची मिळून ओळख ठरवली:

```python
key = (agent, tarikh, pavti)
```

इतक्यावर थांबणारा उमेदवार बरा. चांगला उमेदवार पुढची अडचणही स्वतःच सांगतो: ही तारीख मशीनवर पावती फाडल्याची धरायची, खात्यावर जमा झाल्याची नाही. नाहीतर उद्याच्या तारखेला पडलेली रक्कम कधीच जुळणार नाही. त्यासाठी खात्याच्या नोंदीतही मूळ पावतीची तारीख लागते. ती जिथे नव्हती, अशा ओळी तिने माणसाने पाहायच्या यादीत टाकल्या. आपला प्रोग्राम कुठे थांबतो हे सांगता येणं ही या धंद्यातली मोठी खूण आहे.

‘रक्कम कशी साठवली?’ या प्रश्नावर हिशेबाच्या माणसाने बाजी मारायला हवी. पायथनमध्ये दशांश संख्यांची साधी बेरीज करून पाहा:

```python
>>> 0.1 + 0.2
0.30000000000000004
```

कॉम्प्युटर अशा संख्या द्विमान पद्धतीत ठेवतो. त्या पद्धतीत ०.१ नेमका बसत नाही, त्यामुळे शेवटी किंचित फरक उरतो. दोन बेरजा समान आहेत का हे तपासताना तो नडतो. म्हणून तिने सगळ्या रकमा पैशांत, पूर्णांकात ठेवल्या. एका पैशाच्या फरकासाठी रात्री थांबलेल्या माणसाच्या तोंडी हे उत्तर पाठ केल्यासारखं वाटत नाही.

मग ‘प्रोग्राम बरोबर चालतो हे कशावरून?’ इथे ‘चालवून पाहिला’ पुरत नाही. ज्या जुन्या महिन्यातले फरक हाताने शोधून नोंदवलेले होते, तोच महिना तिने प्रोग्रामला दिला आणि दोन्ही याद्या ताडून पाहिल्या. हातच्या यादीत असलेला एक फरक प्रोग्रामला सापडला नसेल, तर तो कोणता आणि का सुटला, हेही सांगण्याची तयारी हवी.

एका बाबतीत मात्र फार जपावं लागतं. काम दाखवायचं म्हणून प्रोग्राम गिटहबवर ठेवताना खातेदारांची नावं, खाते क्रमांक आणि रकमा चुकूनही बरोबर जाऊ नयेत. नमुन्याची फाइल संपूर्ण बनावट आकड्यांची हवी, आणि शाखेत असा प्रोग्राम वापरण्यापूर्वी व्यवस्थापकांची परवानगी घेतलेली हवी. मुलाखतकाराला खऱ्या खातेदारांची यादी दिसली, तर पुढचं कौशल्य पाहायला तो थांबणार नाही. उद्या हा माणूस आमच्या ग्राहकांची माहितीही अशीच बाहेर ठेवेल, हाच विचार त्याच्या मनात येईल.

काही जण सहा वर्षांचा क्लार्क झाकून तिथे दोन वर्षांचा ‘डेव्हलपर’ लिहितात, त्यासाठी विकत मिळणारं अनुभवपत्रही जोडतात. हे नैतिकदृष्ट्या वाईट आहेच, व्यवहारातही टिकत नाही. अनेक कंपन्या जॉइनिंगच्या वेळी पीएफची सर्व्हिस हिस्ट्री मागतात, आणि कोणत्या संस्थेने कधीपासून कधीपर्यंत पीएफ भरला हे त्यात दिसतं. पकडलं गेलं तर हातात आलेलं ऑफर लेटरही जातं. वाईट याचं वाटतं, की खोट्या दोन वर्षांपेक्षा खरी सहा वर्षं जास्त वजनदार होती.

या गोष्टीने काय होत नाही, तेही पाहू. कोडिंगची फेरी यामुळे चुकत नाही. अ‍ॅरे, स्ट्रिंग, डिक्शनरी यांवरचे प्रश्न वेळ लावून सोडवण्याचा सराव लागतोच, आणि तिथे गुण कमी पडले तर उत्तम गोष्ट ऐकायला कुणी उरत नाही. काही कंपन्यांची ऑनलाइन चाळणी पदवी आणि उत्तीर्ण वर्ष पाहूनच अर्ज बाजूला ठेवते. म्हणून तिने आधी अशा कंपन्यांकडे वळावं, जिथे तिचं जुनं काम म्हणजेच त्यांचा विषय आहे: सहकारी बँका आणि पतसंस्थांसाठी सॉफ्टवेअर बनवणाऱ्या, बिलिंग किंवा अकाउंटिंगचं काम करणाऱ्या. तिथे पिग्मी म्हणजे काय हे समजावण्यात दोन मिनिटांतलं अर्धं मिनिट जात नाही, आणि तिला विचारले जाणारे प्रश्नही थेट पावती नंबरपासून सुरू होतात.