शेवटचं ‘नये’ ऐकूच आलं नाही तर?

हवामान खात्याच्या ग्रामीण कृषी मौसम सेवेचं पत्रक दर मंगळवारी आणि शुक्रवारी निघतं. त्यात पुढच्या पाच दिवसांचा अंदाज असतो आणि पिकांचा सल्ला असतो. मजकूर काही पानांचा. शेतकऱ्याला तो वाचायला सवड नसते, म्हणून गावचे सहायक कृषी अधिकारी त्यातला कामाचा भाग व्हॉट्सअॅपवर बोलून पाठवतात. पंचाईत होते ती पत्रकच मोठ्यानं वाचून दाखवलं की.

अशा पत्रकातलं एक नमुन्याचं वाक्य घेऊ: ‘७५ ते १०० मि.मी. पाऊस झाल्याशिवाय व जमिनीत पुरेसा ओलावा असल्याची खात्री केल्याशिवाय शेतकरी बांधवांनी सोयाबीनची पेरणी करण्याची घाई करू नये.’ कागदावर यात काहीच खटकत नाही. कानाला मात्र आधी पाऊस, ओलावा, सोयाबीन, पेरणी हे सगळं ऐकू येतं आणि नकार अगदी शेवटी येतो. मराठीत क्रियापद वाक्याच्या टोकाला असतं, त्यामुळे लांब वाक्यातला निर्णय शेवटच्या शब्दापर्यंत लटकून राहतो. नेमका तेव्हाच ट्रॅक्टर सुरू झाला तर उरते ती नुसती पेरणी. वाचणाऱ्याची नजर मागे जाऊ शकते. ऐकणारा सहसा मागे जात नाही.

म्हणून संहिता लिहिताना पहिलं काम म्हणजे नकार पुढे आणणं: ‘अजून थांबा, पेरणी करू नका.’ कारण आणि अट त्यानंतर.

दुसरं काम आकड्यांचं. पर्जन्यमापक शेतकऱ्याच्या बांधावर नसतो, तेव्हा ‘७५ ते १००’ ऐकून त्याला काय करायचं ते कळत नाही. पण महसूल मंडळाच्या पावसाची नोंद सहायक कृषी अधिकाऱ्याकडे असते. मंडळात ४० मिलिमीटर झाला असेल, तर आणखी निदान ३५ हवा, ही वजाबाकी सांगणाऱ्यानंच करून टाकावी. बियाण्याचंही तसंच. पत्रकात हेक्टरी ७५ किलो असतं, गावात हिशेब एकराचा चालतो. अडीचनं भागलं की एकरी ३० किलो. संहितेत आकडे अक्षरात लिहावेत, ‘मि.मी.’ आणि टक्क्याच्या खुणेपाशी वाचणाऱ्याची जीभ हमखास अडखळते.

तयार संहिता अशी होईल:

‘नमस्कार मंडळी. हा निरोप सोयाबीनचा, मंगळवार, दहा जूनचा. अजून थांबा, पेरणी करू नका. आपल्या मंडळात चाळीस मिलिमीटर पाऊस झालाय, आणखी निदान पस्तीस पडू द्या. तोवर एक काम उरका. घरच्या बियाण्यातले शंभर दाणे मोजून घ्या, ओल्या गोणपाटात गुंडाळा, सावलीत ठेवा. गोणपाट सुकू देऊ नका. आठवड्यानं मोड आलेले दाणे मोजा. सत्तर किंवा जास्त उगवले तर एकरी तीस किलो बियाणं पुरे. सत्तरच्या खाली आले तर पेरणीआधी मला फोन करा. बीजप्रक्रियेचा निरोप वेगळा पाठवतो.’

सावकाश मराठी बोलताना मिनिटाला साधारण १०० ते १२० शब्द होतात, म्हणजे हा निरोप मिनिटाच्या आत संपतो. तारीख बोलूनच सांगितली आहे, कारण असे निरोप पुढे पुढे जात राहतात आणि आठवडा जुना ‘उद्या’ कुणाला तरी आज ऐकू येतो. ‘शेतकरी बांधवांनी’ गेलं ते बरंच झालं. समोरासमोर असं कुणी बोलत नाही.

बीजप्रक्रिया मुद्दाम बाहेर ठेवली आहे. तिथे आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक आणि शेवटी जिवाणू खत हा क्रम पाळावा लागतो, औषधांची नावं लांबलचक असतात आणि प्रमाण ग्रॅममध्ये असतं. क्रम बोलून सांगता येतो. नाव आणि मात्रा मात्र लिहूनच पाठवावी. ऐकीव नावावर दुकानातून भलतंच औषध घरी यायचं, आणि मात्रा चुकली तर बियाणंही वाया जायचं.

निरोप जमला की नाही, हे पाठवण्याआधी पाहता येतं. रेकॉर्डिंग पत्रक न वाचलेल्या एखाद्याला एकदाच ऐकवावं आणि विचारावं, ‘आता काय करणार?’ ‘थांबणार, दाणे भिजत घालणार,’ असं उत्तर आलं तर पाठवून द्यावं. ‘पेरायचं की नाही?’ असा उलटा प्रश्न आला, तर आवाज नव्हे, पहिलं वाक्य बदलावं.