एक व्हॉल्व्ह, दोन कंट्रोलर

एका कारखान्यातली पाइपलाइन डोळ्यांपुढे आणा. पंप, त्याच्या पुढे कंट्रोल व्हॉल्व्ह, मग लांबलचक पाइप आणि शेवटी टाकीच्या तोंडाशी फिल्टर. टाकीत तासाला 80 घनमीटर द्रव जायला हवा. ते काम फ्लो कंट्रोलरचं. प्रवाह कमी झाला की तो व्हॉल्व्ह थोडा उघडतो, जास्त झाला की थोडा मिटतो.

आता फिल्टरमध्ये गाळ साचू लागला. प्रवाह घटतो, फ्लो कंट्रोलर व्हॉल्व्ह आणखी उघडतो. वाट पुढे अडलेली असल्यामुळे व्हॉल्व्हनंतरच्या पाइपमधला दाब चढत जातो. फ्लो कंट्रोलरला दाब दिसतच नाही. त्याचं काम तो अगदी चोख करत असतो, आणि त्यातूनच पाइप धोक्यात येतो. या पाइपची मर्यादा 12 किलो, म्हणजे चौरस सेंटिमीटरला 12 किलो, आणि तिथेच सेफ्टी व्हॉल्व्ह उडतो असं धरू.

दाबासाठी वेगळा व्हॉल्व्ह बसवून भागत नाही. एकाच ओळीत दोन व्हॉल्व्ह एकमेकांशी झगडत बसतात. म्हणून व्हॉल्व्ह एकच ठेवतात आणि दुसरा कंट्रोलर दाबावर लावतात. त्याचा सेट पॉइंट 11 किलो. व्हॉल्व्ह किती टक्के उघडावा, हे दोघंही सतत सांगत राहतात आणि मधला लो सिलेक्टर त्यांतला लहान आकडा व्हॉल्व्हकडे पाठवतो. एरवी दाब 8 किलोच असतो. फ्लो कंट्रोलर 55 टक्के मागतो, प्रेशर कंट्रोलरची त्याहून जास्त उघडायलाही हरकत नसते, म्हणून 55 जातात. दाब 11च्या वर जाऊ लागला की प्रेशर कंट्रोलरचा आकडा लहान होतो आणि व्हॉल्व्ह त्याच्या ताब्यात जातो. प्रवाह 80 वरून घसरतो. त्या वेळी तेच हवं असतं.

कागदावर इतकं सोपं दिसतं. खरी गोम त्या कंट्रोलरमध्ये आहे, ज्याचं या घडीला कुणी ऐकत नाही. कंट्रोलरचा इंटिग्रल भाग फरक साठवत राहतो. दाब तासन्‌तास 8 किलो आणि सेट पॉइंट 11, त्यामुळे प्रेशर कंट्रोलर ‘अजून उघडा’ म्हणत 100 टक्क्यांवर जाऊन बसतो. याला वाइंडअप म्हणतात. मग एके दिवशी दाब 12 किलोला पोचतो, तेव्हा फ्लो कंट्रोलरने व्हॉल्व्ह 62 टक्के उघडलेला असतो. प्रेशर कंट्रोलरला 100 वरून 62 पर्यंत उतरायचं आहे. मीटरचा पल्ला 16 किलोचा असेल, तर एक किलोचा फरक म्हणजे सुमारे 6 टक्के. गेन 1 असेल तर आकडा लगेच 6 ने उतरतो. इंटिग्रलची वेळ एक मिनिट असेल तर पुढे मिनिटाला 6 टक्के. 62 गाठेपर्यंत पाच मिनिटं जातात. सेफ्टी व्हॉल्व्ह तेवढा वेळ थांबत नाही.

यावरचा उपाय मला फार देखणा वाटतो. दोन्ही कंट्रोलरच्या इंटिग्रलला स्वतःचा आकडा न देता सिलेक्टरमधून प्रत्यक्ष बाहेर गेलेला आकडा परत द्यायचा. याला एक्सटर्नल रीसेट फीडबॅक म्हणतात. मग थांबलेला कंट्रोलर भरकटत नाही. व्हॉल्व्हच्या आकड्याहून फक्त आपल्या फरकाएवढाच वर राहतो. दाब 8 असताना तो 55 अधिक 19, म्हणजे 74 वर असतो. दाब साडेदहाला आला की जेमतेम 3 टक्के वर. 11 किलोपाशी दोघांचे आकडे भेटतात आणि ताबा धक्का न बसता बदलतो. फिल्टर साफ झाल्यावर परत येणाऱ्या फ्लो कंट्रोलरचंही असंच. ही जोडणी त्यालाही नसेल, तर तो 100 वर अडकलेला असतो आणि प्रवाह 80च्या बराच पुढे उसळतो.

कंट्रोल रूममध्ये एक चूक वारंवार होते. प्रवाह 70 वर अडकलेला दिसतो, ‘फ्लो धरत नाही’ अशी तक्रार येते आणि कुणीतरी फ्लो कंट्रोलरचं ट्यूनिंग बदलायला बसतो. आधी दाबाचा ट्रेंड पाहावा. तो 11 वर सरळ रेषेत असेल तर फ्लो कंट्रोलर निर्दोष आहे. फिल्टर उघडायला माणूस पाठवा. त्याहून वाईट म्हणजे, प्रवाह वाढावा म्हणून प्रेशर कंट्रोलर मॅन्युअलवर टाकून 100 देणं. लो सिलेक्टर 100 कधीच निवडत नाही, म्हणजे दाबाकडे बघणारं कुणी उरत नाही. सेफ्टी व्हॉल्व्ह आणि पंप बंद करणारी स्वतंत्र ट्रिप या व्यवस्थेनंतरही हवीच. दाबाचा ट्रान्समीटरच चुकीचं दाखवू लागला तर सिलेक्टर काही करू शकत नाही.

ही व्यवस्था जागी आहे का, हे चालू प्लँटवर तपासता येतं. उत्पादनवाल्यांना सांगून प्रेशर कंट्रोलरचा सेट पॉइंट हळूहळू चालू दाबाच्या जरासा खाली आणायचा. दाब 8 असेल तर 7.8. सेट पॉइंट 8च्या खाली जाताच व्हॉल्व्ह मिटू लागायला हवा आणि प्रवाह थोडा उतरायला हवा. व्हॉल्व्ह बराच वेळ ढिम्म राहिला, तर फीडबॅकची जोडणी कुठेतरी राहून गेली आहे.