शितावरून सामन्याची परीक्षा

१४ जुलै २०१९, रविवार. त्या दिवशी लंडनमध्ये दोन अंतिम सामने चालू होते आणि दोन्ही सुटता सुटत नव्हते. विम्बल्डनच्या सेंटर कोर्टवर नोव्हाक जोकोविच आणि रॉजर फेडरर यांचा पाचवा सेट १२-१२ पर्यंत ताणला गेला. नव्या नियमानुसार तिथे टायब्रेकर झाला आणि जोकोविच जिंकला. संपूर्ण सामन्यातले गुण मोजले, तर फेडररचे होते २१८ आणि जोकोविचचे २०४. त्याच संध्याकाळी लॉर्ड्सवर क्रिकेटच्या विश्वचषकाची अंतिम लढत ५० षटकांनंतर २४१ विरुद्ध २४१ अशी बरोबरीत सुटली. पुढे सुपर ओव्हरही बरोबरीत सुटली, तरी कप इंग्लंडकडे गेला.

विम्बल्डनच्या निकालावर फारशी कुरबुर झाली नाही. लॉर्ड्सच्या निकालावर मात्र जगभर वाद पेटला. एका निकालाने लोकांचं समाधान का व्हावं आणि दुसऱ्याने का होऊ नये, याचं उत्तर बरोबरी फोडण्याच्या पद्धतीत आहे.

लॉर्ड्सची ती सुपर ओव्हर चेंडू-चेंडूने पाहू. सामन्यात नंतर फलंदाजी केलेला संघ सुपर ओव्हरमध्ये आधी खेळतो, त्यामुळे इंग्लंडचे बेन स्टोक्स आणि जोस बटलर मैदानात उतरले. ट्रेंट बोल्टच्या सहा चेंडूंवर ३, १, ४, १, २, ४ अशा १५ धावा झाल्या. मग न्यूझीलंडकडून जिमी नीशम आणि मार्टिन गप्टिल आले, गोलंदाज जोफ्रा आर्चर. पहिलाच चेंडू वाइड. त्यानंतर २, मग षटकार, पुन्हा २, पुन्हा २, मग १. शेवटच्या चेंडूवर दोन धावा हव्या होत्या. गप्टिलने एक पूर्ण केली आणि दुसरी घेताना तो धावचीत झाला. न्यूझीलंडच्याही १५. आता नियमपुस्तक उघडलं. संपूर्ण सामन्यात आणि सुपर ओव्हरमध्ये मिळून ज्याने जास्त चौकार-षटकार मारले, तो विजेता. इंग्लंडचे २६, न्यूझीलंडचे १७.

हा नियम स्पर्धेआधीच ठरलेला होता. त्यामुळे फसवणूक कुणाचीच झाली नाही. तरीही तो खटकला, कारण त्याने मागे वळून एक अशी गोष्ट मोजली, जिचा हिशेब खेळताना कुणीही ठेवत नव्हतं. चौकार मारून केलेल्या चार धावा आणि पळून केलेल्या चार धावा यांची किंमत धावफलकावर एकच असते. पळून धावा जमवणाऱ्या संघाला शेवटी कळतं की आपल्या धावा कमी प्रतीच्या होत्या. मागे वळून मोजायचंच असेल, तर गमावलेले बळी का नकोत? न्यूझीलंडने आठच गमावले होते, इंग्लंड सर्वबाद झाला होता. म्हणजे मोजमाप बदललं की विजेताही बदलतो. टेनिसमध्ये असं झालं नाही. फेडररचे गुण जास्त असले, तरी गेम आणि सेट जिंकावे लागतात हे प्रत्येक गुण खेळताना दोघांनाही ठाऊक असतं. टायब्रेकरही तसाच, सर्व्हिस आणि परतीच्या फटक्यांचा, फक्त छोटा.

आयसीसीने तीन महिन्यांतच, ऑक्टोबर २०१९ मध्ये, चौकारांची मोजणी काढून टाकली. बाद फेरीत निकाल लागेपर्यंत सुपर ओव्हर पुन्हा पुन्हा खेळायची, असं ठरलं.

सुपर ओव्हर म्हणजे शितावरून भाताची परीक्षा. प्रत्येक संघाला एक षटक आणि दोन बळी. दुसरा बळी गेला की डाव संपला. शीत भाताचंच असतं, हा या पद्धतीचा गुण. त्यात फलंदाजी आहे, गोलंदाजी आहे, क्षेत्ररक्षण आहे, कर्णधाराची निवड आहे. तिच्याआधी आलेल्या ‘बॉल-आउट’मध्ये हे काहीच नव्हतं. २००७ च्या ट्वेंटी-२० विश्वचषकात डर्बनला भारत आणि पाकिस्तान १४१-१४१ वर अडकले, तेव्हा गोलंदाजांनी मोकळ्या यष्टींवर चेंडू टाकले. फलंदाजच नव्हता! सेहवाग, हरभजन आणि उथप्पा यांनी यष्टी उडवल्या, पाकिस्तानचे तिघेही चुकले. आपल्याला आनंद झाला खरा, पण त्याला क्रिकेट म्हणणं कठीण होतं. पुढच्याच वर्षापासून आंतरराष्ट्रीय ट्वेंटी-२० मध्ये सुपर ओव्हर दिसू लागली.

शिताचा दोष असा की ते फार लहान असतं. सहा चेंडूंत एक वाइड किंवा बॅटची कड लागून गेलेला एक चौकार निकाल फिरवतो. पन्नास षटकं चिवटपणे खेळणारा फलंदाज इथे बाहेर बसतो, फटकेबाज आत येतो. शिवाय पुन्हा पुन्हा खेळायची वेळ आली की नवे पेच निर्माण होतात. आधीच्या सुपर ओव्हरमध्ये बाद झालेला फलंदाज पुढच्या सुपर ओव्हरमध्ये येऊ शकत नाही आणि आधीचा गोलंदाजही चालत नाही. जानेवारी २०२४ मध्ये बंगळुरूत भारत-अफगाणिस्तान सामना २१२-२१२ असा सुटला, पहिली सुपर ओव्हरही १६-१६. तिच्या शेवटच्या चेंडूआधी रोहित शर्मा स्वतःहून बाहेर गेला, वेगाने पळणारा जोडीदार यावा म्हणून. दुसऱ्या सुपर ओव्हरमध्ये तो पुन्हा खेळायला आला. तो ‘रिटायर्ड आउट’ होता की नुसता बाहेर गेला होता, यावर वाद झाला. भारताने ११ धावा केल्या आणि रवी बिश्नोईने तीन चेंडूंत दोन बळी घेऊन सामना संपवला.

फुटबॉलची अडचण वेगळी आहे. क्रिकेटमध्ये शेकड्यांनी धावा होतात, म्हणून बरोबरी क्वचित होते. फुटबॉलमध्ये गोल दोन-तीनच होतात, म्हणून बरोबरी नेहमीचीच. त्यामुळे तिथे आधी खेळच लांबवतात. ९० मिनिटांनंतर १५-१५ मिनिटांची दोन सत्रं. तत्त्वतः सगळ्यांत प्रामाणिक उपाय हाच, कारण नियम, मैदान, माणसं सगळं तेच. पण पाय तेच राहत नाहीत. दमलेले संघ जिंकायला जाण्यापेक्षा न हरण्याचा विचार करतात. हे टाळायला ‘गोल्डन गोल’ आणला: जादा वेळेत पहिला गोल झाला की सामना संपला. १९९६ आणि २००० या दोन्ही युरो स्पर्धांचे अंतिम सामने असेच सुटले. संघ धाडसी होतील अशी अपेक्षा होती, झालं उलट. एक चूक म्हणजे थेट घरी, म्हणून सगळे आणखी मागे सरकले. २००४ नंतर तो नियम गेला.

जादा वेळेतही निकाल लागला नाही, तर पूर्वी काय करत? १९६८ च्या युरो स्पर्धेत इटली आणि सोव्हिएत संघ यांचा उपांत्य सामना गोलशून्य राहिला, तेव्हा नाणं उडवलं. इटली जिंकली आणि पुढे विजेतीही ठरली. पेनल्टी शूटआउट १९७० मध्ये आला तो या नाण्याला पर्याय म्हणून. त्याला ‘लॉटरी’ म्हणून नावं ठेवताना हे विसरलं जातं.

शूटआउट लॉटरी नाही. ११ मीटरवरून मारलेला चेंडू अर्ध्या सेकंदाच्या आत गोलरेषेवर पोहोचतो. गोलरक्षकाला बहुतेक वेळा आधीच अंदाज बांधावा लागतो आणि मारणाऱ्याला त्याचा अंदाज चुकवायचा असतो. हे कौशल्य आहे, त्याचा सराव होतो. २०२२ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात अर्जेंटिना आणि फ्रान्स ३-३ वर थांबले. एम्बापेने मारला, मेस्सीने मारला. मग फ्रान्सच्या कोमानचा चेंडू एमिलियानो मार्टिनेझने अडवला आणि चुआमेनीचा बाहेर गेला. अर्जेंटिनाचे चारही गोल झाले, निकाल ४-२. मार्टिनेझ मारणाऱ्यांना मुद्दाम थांबवत, डिवचत होता. अंगचं बळ आणि मन दोन्ही पणाला लागलं. पण पासची साखळी, बचावफळीची शिस्त, मधली फळी यांतलं काहीच त्यात नव्हतं. एका प्रसंगाची परीक्षा घेतली आणि गुण संपूर्ण सामन्याचे दिले.

आणखी एक शंका क्रमाची. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, आधी मारणारा संघ सुमारे ६० टक्के वेळा जिंकतो असं दिसलं. सतत पाठलाग करणाऱ्यावर दडपण येतं, हे कारण सांगितलं गेलं. नंतर अधिक मोठी आकडेवारी तपासली, तेव्हा हा फायदा ठळकपणे दिसला नाही. मधल्या काळात टेनिसच्या टायब्रेकरसारखा क्रम, म्हणजे एकाने एक, दुसऱ्याने दोन, मग पहिल्याने दोन, असा करून पाहिला. २०१८ मध्ये तो गुंडाळला गेला. लोकांना तो समजायला कठीण जात होता.

हॉकीने या बाबतीत अधिक विचार केलेला दिसतो. पूर्वी तिथेही स्थिर पेनल्टी स्ट्रोक होते. आता खेळाडू २३ मीटरच्या रेषेवरून चेंडू घेऊन निघतो आणि आठ सेकंदांत गोल करायचा असतो. गोलरक्षक पुढे येऊ शकतो, हल्लेखोर वळू शकतो, थांबू शकतो. एकास एक का होईना, पण हा हॉकीचाच तुकडा आहे. पॅरिस ऑलिंपिकच्या उपांत्यपूर्व सामन्यात अमित रोहिदासला लाल कार्ड मिळालं, भारत बराच वेळ दहा जणांत खेळला, १-१ अशी बरोबरी राखली आणि श्रीजेशच्या भरवशावर शूटआउट ४-२ ने जिंकला. मात्र घड्याळ आलं की घड्याळाची चूकही आली. २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत सविता पुनियाने ऑस्ट्रेलियाचा पहिला प्रयत्न अडवला होता. पण घड्याळ सुरूच झालं नव्हतं, म्हणून तो पुन्हा घेतला गेला आणि गोल झाला. भारतीय महिला हरल्या, महासंघाने नंतर माफी मागितली.

आपल्या खो-खोतली पद्धत या सगळ्यांच्या शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहे. जादा डावानंतरही गुण सारखे राहिले, तर लघुत्तम आक्रमण होतं. प्रत्येक संघाने पाठलाग करून प्रतिस्पर्ध्यांचा पहिला गडी टिपायचा. ज्याला कमी वेळ लागला तो जिंकला. इथे पळणं, हुलकावणी, खो देणं, खांबावरची झेप सगळं जसंच्या तसं राहतं. बदलतं ते फक्त मोजमाप. गुण मोजायचे सोडून सेकंद मोजले जातात आणि दोन संघांना अगदी सारखाच वेळ लागणं फार दुर्मीळ. गुणांची मोजपट्टी ठेंगणी पडली, तर खेळ न बदलता अधिक बारीक मोजपट्टी घ्यायची, असा हा विचार.

यापुढे कुठलाही सामना बरोबरीत सुटला, तर निकालावर चिडण्याआधी दोन गोष्टी तपासाव्यात. ही कसोटी लागणार हे खेळाडूंना खेळतानाच ठाऊक होतं का, आणि त्या कसोटीत मूळ खेळ किती शिल्लक होता? लॉर्ड्सचा नियम पुस्तकात छापलेला होता, पण खेळताना कुणाच्या हिशेबात नव्हता आणि त्यात नवा खेळ तर एका चेंडूचाही नव्हता. म्हणूनच तो त्या विश्वचषकानंतर टिकला नाही.