मधलीवाडी नकाशात कुठे आहे?

गुगल मॅप्स मराठीत करणं हे दोन मिनिटांचं काम आहे. अँड्रॉइड फोनवर अ‍ॅप उघडा, वरच्या कोपऱ्यातल्या आपल्या फोटोवर किंवा आद्याक्षरावर बोट ठेवा, `Settings` मध्ये जा आणि `App language` शोधून तिथे मराठी निवडा. काही फोनमध्ये हा पर्याय एक पायरी आत असतो. यासाठी अख्ख्या फोनची भाषा बदलावी लागत नाही. बँकेचं अ‍ॅप इंग्रजीत आणि नकाशा मराठीत असं खुशाल चालतं. आयफोनवर मात्र ही निवड अ‍ॅपमध्ये नसून फोनच्या सेटिंग्जमध्ये, गुगल मॅप्सच्या पानावर असते. त्यासाठी फोनच्या भाषांच्या यादीत आधी मराठी जोडलेली असावी लागते.

आवाजाचं थोडं वेगळं आहे. भाषा बदलली की आवाजही सहसा बदलतो, पण पूर्वी कधी हिंदी किंवा इंग्रजी आवाज निवडून ठेवलेला असेल तर तोच कायम राहतो. मग पडद्यावर अक्षरं मराठी आणि कानावर हिंदी, असा प्रकार होतो. अशा वेळी अ‍ॅपच्या सेटिंग्जमधल्या नेव्हिगेशनच्या भागात जाऊन आवाजाच्या यादीतून मराठी निवडावी. तिथेच नमुन्याचा आवाज ऐकण्याची सोय आहे, ती घरातून निघण्यापूर्वीच वापरावी. सूचना मराठीत पण गावांची नावं इंग्रजी धाटणीत ऐकू येत असतील, तर फोनमध्ये मराठी आवाज उतरवलेला नसण्याची शक्यता मोठी. फोनच्या सेटिंग्जमध्ये `Text-to-speech` शोधा आणि गुगलच्या आवाजांमधून मराठी डाउनलोड करा. हे काम घरच्या वायफायवर उरकावं. ताम्हिणी घाटात रेंज गेल्यावर ते होत नाही. जायच्या भागाचा ऑफलाइन नकाशाही त्याच बैठकीत उतरवून घ्यावा.

इथवर सगळं सोपं आहे. खरी अडचण पुढे येते, कारण भाषा बदलल्याने नकाशाला नवीन गावं कळत नाहीत. त्याच्याकडे जी नावं आहेत तीच तो मराठीत दाखवतो. दुकानं, दवाखाने, मंगल कार्यालयं यांची बरीच नावं मुळात रोमन लिपीत नोंदलेली आहेत. ती आपोआप भारतीय लिप्यांत बदलण्याची सोय गुगलने 2021 मध्ये मराठीसह दहा भारतीय भाषांसाठी आणली. रोमन अक्षरांत ल आणि ळ, न आणि ण, ड आणि द यांतला फरक उरत नाही, त्यामुळे यंत्राला अंदाज करावा लागतो. काळे यांचं दुकान काले यांचं होतं, ते यामुळेच. म्हणून देवनागरीत शोधून जागा सापडली नाही, तर ती नकाशात नाहीच असं समजू नये. रोमनमध्ये Wadgaon आणि Vadgaon असं दोन्ही लिहून पाहावं. बुद्रुक आणि खुर्द यांच्या नोंदी पुष्कळदा `Bk` आणि `Kh` अशा असतात, तेही करून पाहावं. नावाबरोबर तालुका तर लिहावाच, कारण शिरूर पुणे जिल्ह्यात आहे, बीडमध्ये शिरूर कासार आहे आणि लातूरमध्ये शिरूर अनंतपाळ.

आता समजा, तुम्हाला पुण्याहून दापोली तालुक्यातल्या एका गावी मावशीकडे वास्तुशांतीला जायचं आहे. पत्रिकेवर पत्ता आहे मधलीवाडी. कोकणात वरचीवाडी, मधलीवाडी, खालचीवाडी गावोगाव असतात. त्यामुळे नुसतं मधलीवाडी लिहिलं की नकाशा एखादी सापडलेली मधलीवाडी आत्मविश्वासाने दाखवतो. ती खेड किंवा गुहागर तालुक्यातली असू शकते. दाखवलेलं अंतर आणि शेजारच्या गावांची नावं आधी पडताळून पाहा. दापोलीला वळायच्या आत प्रवास संपत असेल तर ठिकाण चुकलेलं आहे.

अशा वेळी नावाचा नाद सोडून जागेचा बिंदू मागवावा. मावशीला किंवा मावसभावाला फोन करून सांगायचं, ‘दादा, अंगणात उभा राहा, मॅप्स उघड, निळ्या ठिपक्यावर बोट दाबून धर आणि येईल तो कोड मला पाठव.’ हा प्लस कोड. पुण्यातल्या शनिवारवाड्याच्या परिसरातला कोड साधारण असा दिसतो:

```
GV94+R4 पुणे
```

असा कोड जमिनीवरचा सुमारे 14 मीटर लांबी-रुंदीचा चौकोन दाखवतो. तिथे रस्त्याला नाव असो वा नसो, वाडी नकाशात असो वा नसो, कोड असतोच. त्यात इंग्रजी स्वर नसतात, तसेच 0 आणि 1 हे अंकही नसतात. कोणी फोनवर तोंडी सांगितलेल्या कोडमध्ये O किंवा 1 आला, तर ऐकण्यात चूक झाली आहे असं समजून पुन्हा विचारावं. आलेला बिंदू जतन करून त्याला ‘मावशी मधलीवाडी’ असं मराठी लेबल द्यावं. हे लेबल फक्त तुम्हालाच दिसतं आणि पुढच्या वेळी तेच टाइप करून शोधता येतं.

तरीही शेवटचे दोनशे मीटर बाकी राहतात, आणि कोकणात घोळ होतो तो तिथेच. नकाशा गाडीला त्या बिंदूच्या सर्वांत जवळच्या, त्याला माहीत असलेल्या रस्त्यावर नेतो. तो रस्ता वहाळाच्या पलीकडे असला तरी त्याच्या दृष्टीने तोच जवळचा. मग ‘तुम्ही पोहोचला आहात’ असं ऐकू येतं तेव्हा समोर घर दिसतं आणि मध्ये पाणी. हे आधी ओळखता येतं. मार्गाचा शेवटचा तुकडा ठिपक्यांचा दिसला की तिथून पुढे गाडीचा रस्ता नकाशाला माहीत नाही. उपग्रहाचं चित्र लावून साकव कुठे आहे, गाडी कुठवर जाते, हे पाहून घ्यावं. त्याहून चांगलं म्हणजे मावसभावाकडून घराच्या अंगणाऐवजी गाडी लावायच्या जागेचा कोड मागवावा.

आपली वाडी नकाशात घालायची असेल, तर मॅप्समध्ये नवीन जागा सुचवता येते, पण राहतं घर तिथे सार्वजनिक जागा म्हणून टाकायचं नसतं. जिल्हा परिषदेची शाळा, ग्रामदैवताचं देऊळ, एसटीचा थांबा या नोंदी वाडीच्या नावासह कराव्यात आणि पाटीचा फोटो जोडावा. तपासणी करणाऱ्याला त्याचा उपयोग होतो. वाडीचंच नाव नोंदवायला ओपनस्ट्रीटमॅप अधिक सोयीचा आहे. या नकाशात कोणीही खातं उघडून भर घालू शकतं आणि मराठी नावासाठी वेगळी जागा असते:

```
place=hamlet
name:mr=मधलीवाडी
name:en=Madhaliwadi
```

ऑरगॅनिक मॅप्ससारखी इंटरनेटशिवाय चालणारी अ‍ॅप हीच माहिती वापरतात. मात्र ती दिसण्यासाठी नकाशाची पुढची आवृत्ती उतरवावी लागते. गुगलवर पाहून इथे नाव उतरवणं नियमात बसत नाही. आपल्याला किंवा गावाला ठाऊक असलेलंच लिहायचं.

आणि नाव लिहिण्यापूर्वी गावात विचारायचं. राज्य सरकारने डिसेंबर 2020 मध्ये वस्त्यांची जातिवाचक नावं बदलण्याचा निर्णय घेतला. नकाशांवर मात्र जुनी नावं अजून सापडतात, आणि मराठी आवाज ती मोठ्याने वाचून दाखवतो. तिथे राहणाऱ्यांना ते ऐकावं लागू नये. आपल्या वाडीचं नाव बदललं असेल, तर या गणपतीत गावी गेल्यावर ग्रामपंचायतीच्या पाटीचा फोटो काढा आणि दोन्ही नकाशांवर दुरुस्ती सुचवा.